गळ्यात नाळ दिसली म्हणजे फास लागला असं नाही

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात गर्भार लेक, सून किंवा बहीण आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. मी डॉक्टर नाही, पत्रकार आहे. या विषयावर मी एकदा चुकीचं लिहिलंही आहे. ती चूकही खाली सांगतो.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. दुपारी ताईचा फोन आला. आवाज रडवेला.

"अरे, बाळाच्या गळ्याला नाळेचा फास लागला म्हणते. तुझे भाऊजी गाडी करून चंद्रपूरला नेतो म्हणून राहिले. आजच सिझर करून टाकू म्हणते."

भाची पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी अहेरीला आलेली. तेहतिसावा आठवडा सुरू होता. सकाळी खाजगी सेंटरला सोनोग्राफी झाली, हातात इंग्रजी रिपोर्ट मिळाला. त्यात खालून तिसरी ओळ होती, "सिंगल लूप ऑफ कॉर्ड सीन अराउंड द फीटल नेक." म्हणजे बाळाच्या मानेभोवती नाळेचा एक वेढा दिसतो आहे. सेंटरमध्ये ते कोणी समजावून सांगितलं नाही. रिपोर्ट वाचला शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरानं, आणि त्यानं मोबाईलवर शोधून 'वेढ्या'चा 'फास' केला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या वॉर्डात बातमी. कोणी म्हणालं, पोरगी हात वर करून कपडे वाळत घालत होती म्हणून झालं. कोणी म्हणालं, डोहाळजेवणात गळ्यात फुलांची माळ घातली तिथेच चुकलं. भाची कोपऱ्यात बसून पोटाला हात लावून रडत होती.

मी ताईला म्हणालो, "गाडी सांगू नका. आधी रिपोर्ट घेऊन सरकारी दवाखान्यातल्या बाईंना दाखवू. आपटलं-पडलं नाही, रक्त नाही, बाळ हलून राहिलं. मग एवढी घाई कशाला?"

बाळ हलतंय का, हे मी मुद्दाम विचारलं होतं. ते विचारायचं मला कसं सुचलं, ते पुढे सांगतो.

डॉक्टर बाईंनी रिपोर्ट हातात घेतला आणि ती तिसरी ओळ सोडून बाकीचं सगळं आधी वाचलं. बाळाचं अंदाजे वजन दोन किलोच्या वर, आठवड्याच्या मानानं बरोबर. पोटातलं पाणी पुरेसं. डोकं खाली. नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉपलर नॉर्मल. मग भाचीचं बीपी घेतलं, हिमोग्लोबिन पाहिलं, पोटावर डॉपलरचं यंत्र लावून ठोके ऐकवले. धडधड धडधड, मिनिटाला एकशे चाळीसच्या आसपास. शेवटी त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "आणि हा वेढा. हा चारपाच बाळांमागे एकाला असतो. माझ्या वॉर्डात आज दहा बाया असतील, तर दोघीतिघींच्या बाळांना असेल. त्यांच्या रिपोर्टात लिहिलेलं नाही, एवढाच फरक."

ताईचा विश्वास बसेना. ती म्हणाली, "बाई, गळ्याला दोरी गुंडाळली तर माणूस मरत नाही का जी?"

हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतो, म्हणून बाईंनी दिलेलं उत्तर मी नीट लिहितो.

माणूस फासानं मरतो, कारण आपण गळ्यातून श्वास घेतो. मेंदूला जाणारं रक्तही गळ्यातूनच जातं, आणि दोरी हे दोन्ही आवळते. पोटातलं बाळ गळ्यातून श्वास घेतच नाही. ते पाण्यात आहे. त्याच्या फुफ्फुसात हवा नाही. त्याला लागणारा प्राणवायू येतो आईच्या रक्तातून वारेत, वारेतून नाळेत आणि नाळेतून बाळाच्या बेंबीत. म्हणजे बाळाचा श्वास गळ्यात नसून नाळेत आहे. त्यामुळे विचारायचा प्रश्न 'गळा आवळतोय का' हा नाहीच. 'नाळ दबतेय का' हा प्रश्न आहे. नाळ दबणं गळ्याजवळ होऊ शकतं, तसं दुसरीकडेही होऊ शकतं. पाणी कमी असेल तर बाळाच्या अंगाखाली होतं, कधी खांदा आणि भिंत यांच्यामध्येही होतं.

आता नाळ दबायला किती सोपी आहे ते बघा. दिवस भरलेल्या बाळाची नाळ साधारण पन्नास ते साठ सेंटिमीटर लांब असते. आपल्या मापात सांगायचं तर अडीच वीत. मानेभोवती एक वेढा घालायला त्यातली सुमारे एक वीत लागते. उरलेली दीड वीत मोकळी राहते, म्हणून वेढा बहुतेक वेळा सैल असतो, गळ्यात घातलेल्या गमछासारखा. नाळेच्या आत तीन रक्तवाहिन्या असतात, बाळाकडे रक्त आणणारी एक आणि परत नेणाऱ्या दोन. त्या उघड्या नसतात. भोवती जाड, बुळबुळीत, जेलीसारखा थर असतो. वर त्या तिन्ही एकमेकींना पीळ घालून असतात, जुन्या टेलिफोनच्या वायरसारख्या. पिळाची वायर वाकवली तरी ती एकदम मोडत नाही, आणि जेलीमुळे वरचा दाब आतपर्यंत सहज पोहोचत नाही. निसर्गानं हे असं केलंय, कारण बाळ नऊ महिने त्या नाळेसोबतच लोळणार, तिला लाथा मारणार, हातात धरणार.

वेढा पडतो तो या लोळण्यामुळेच. बाळ कोलांट्या घेतं, नाळ तरंगत असते, एखाद्या कोलांटीत डोकं त्या वळशातून जातं. पुढच्या आठवड्यात उलटी कोलांटी घेतली की वेढा निघूनही जातो. दिवस भरत जातात तसे वेढा असलेल्या बाळांचं प्रमाण वाढत जातं, आणि पडणं-निघणं शेवटपर्यंत चालू राहू शकतं. आईनं हात वर केला, दोरीखालून गेली, ग्रहणात सुई हातात धरली, माळ घातली, यातल्या कशानंही आतली नाळ हलत नाही. आईचे हात आणि बाळाची नाळ यांना जोडणारं काहीच शरीरात नाही. भाचीनं हे ऐकलं आणि तेव्हा पहिल्यांदा डोळे पुसले.

आता सोनोग्राफीबद्दल. मशीनवर वेढा दिसतो तो मानेच्या आडव्या आणि उभ्या छेदात. रंगीत डॉपलर लावला की रक्त वाहणारी नाळ लाल-निळी दिसते. कधी मानेच्या मागच्या त्वचेला दाबाची खाच दिसते. पण नाळ मानेला नुसती टेकली आहे की पूर्ण फिरली आहे, हे दर वेळी खात्रीनं सांगता येत नाही. शेवटच्या दिवसांत डोकं खाली उतरलं, पाणी कमी झालं की दिसणं आणखी अवघड. त्यामुळे रिपोर्टात नसलेला वेढा बाळंतपणात सापडतो आणि रिपोर्टात असलेला सापडत नाही. वेढा सैल आहे की घट्ट, हे तर चित्रावरून भरवशानं सांगता येत नाहीच. म्हणून नुसता वेढा शोधायला कोणी सोनोग्राफी सांगत नाही. दुसऱ्या कारणानं केली आणि दिसला, तर तो नोंदवला जातो.

मग भाऊजींनी मुद्द्याचं विचारलं. "बाई, ते सगळं ठीक. पण धोका नको म्हणून सिझर करून टाकलं तर काय बिघडते? पैशाचं पाहून घेऊ आम्ही."

बाईंनी उत्तर देण्याआधी भाचीला विचारलं, "सासर कुठलं ग तुझं?"

सासर भामरागड तालुक्यातलं. आतलं गाव.

बाई म्हणाल्या, "मग ऐका. तेहतिसाव्या आठवड्यात सिझर केलं तर बाळ सात आठवडे आधीचं. त्याची फुफ्फुसं तयार नाहीत. काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, श्वासासाठी मशीन लागू शकेल. म्हणजे जो धोका नाही तो टाळायला तुम्ही खरा धोका विकत घेताय. बरं, दिवस भरल्यावर केलं तरी हिच्या पिशवीवर टाका राहील. दुसऱ्या खेपेला कळा आल्या की तो टाका उसवू शकतो. शंभरात एकीलासुद्धा होत नाही, पण झालं तर मिनिटांचा खेळ आहे. किंवा वार त्या टाक्यावर येऊन चिकटते, मग रक्त आवरत नाही. शहरात ऑपरेशन थिएटर दहा मिनिटांवर असतं, रक्तपेढी असते. तुमच्या गावाहून पर्लकोटेला पूर असताना कुठे नेणार आहात हिला?"

खोलीत कोणी बोललं नाही.

या प्रश्नासाठीच मी ही पोस्ट लिहितोय. आपल्याकडे सिझर म्हणजे सुरक्षित आणि साधं बाळंतपण म्हणजे नशिबाचा खेळ, असं एक समीकरण झालंय. गरज असेल तेव्हा सिझर जीव वाचवतंच, त्यात वाद नाही. पण देशाचं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१ चं, सांगतं की खाजगी दवाखान्यातल्या शंभर बाळंतपणांत सुमारे ४७ सिझर होतात आणि सरकारीत सुमारे १४. त्यातली किती नुसत्या 'गळ्यात नाळ आहे' या वाक्यावर होतात, ते कोणी मोजत नाही. हे वाक्य ऐकल्यावर नातेवाईक स्वतःच सिझर मागतात, डॉक्टरला सांगावंही लागत नाही. शहरातल्या बाईला तो टाका पुढच्या खेपेला एक काळजी असतो. पावसाळ्यात दरवर्षी जगापासून तुटणाऱ्या गावातल्या बाईला तोच टाका फार मोठा होतो.

आता माझी चूक.

पंधराएक वर्षं झाली असतील. मी नुकता डिप्लोमा करून तालुका प्रतिनिधी झालो होतो. एका गावात घरीच बाळंतपण झालं, बाळ मेलेलं निघालं, गळ्यात नाळेचा वेढा होता. गावातल्या एकानं फोनवर सांगितलं, मी चार ओळींची बातमी केली. मथळा दिला, "नाळेचा फास बसून अर्भक दगावले." बातमी छापून आली, मला बरं वाटलं. दवाखान्यात विचारलं नाही, आईला तर नाहीच नाही.

काही वर्षांनी रस्त्याच्या बातमीसाठी त्याच गावात गेलो, तेव्हा ती बाई भेटली. मीच ती बातमी लिहिली, हे तिला माहीत नव्हतं. बोलता बोलता तिनं सांगितलं की कळा सुरू व्हायच्या आधी तीन दिवस बाळ हललं नव्हतं. तिनं सासूला सांगितलं होतं. सासू म्हणाली, दिवस भरले की बाळ शांत होते. पायाला सूज होती, डोकं दुखत होतं, डोळ्यापुढे काजवे यायचे. बीपी शेवटचं कधी तपासलं, तिला आठवत नव्हतं. आणि सगळ्या गावानं तिला ऐकवलं होतं की तू मोळी बांधायला रानात गेलीस, दोरी ओढलीस, म्हणून बाळाला फास लागला. पेपरातही तसंच आलं होतं. ते कात्रण तिच्या नवऱ्यानं जपून ठेवलं होतं.

त्या दिवशी मी परत येताना बरंच अंतर गाडी हळू चालवली.

डॉक्टर बाईंना मी हा प्रसंग सांगितला, तेव्हा त्यांनी हिशेब उलगडून दाखवला. चारपाच धडधाकट बाळांमागे एकाच्या गळ्यात नाळ असते, तर मेलेल्या बाळांतही तितक्यांच्या गळ्यात असणारच. मग नाळ दिसली म्हणजे मरणाचं कारण सापडलं, असं कसं म्हणता येईल? आईचं वाढलेलं बीपी, वार नीट काम न करणं, वार आधीच सुटणं, जंतुसंसर्ग, बाळाची वाढ खुंटणं, अडलेलं बाळंतपण ही कारणं डोळ्यांना दिसत नाहीत. नाळ दिसते, म्हणून सगळा दोष तिच्यावर जातो आणि खरं कारण तसंच राहून जातं. पुढच्या खेपेला बीपी तपासायचं सोडून घरचे दोरीपासून जपत बसतात. त्या बाईच्या सूज, डोकेदुखी आणि काजव्यांची बातमी करायला हवी होती. तीन दिवस न हललेल्या बाळाची करायला हवी होती. मी केली नाळेची.

म्हणून ताईचा फोन आला, तेव्हा पहिल्यांदा तोंडून आलं ते "बाळ हलतंय का?"

मग नाळेनं कधीच काही होत नाही का? होतं, क्वचित. तेही सरळ सांगतो, नाहीतर ही पोस्ट अर्धवट राहील.

कळा सुरू झाल्या आणि बाळ खाली सरकायला लागलं की वेढा ताणला जातो. पिशवी आवळली की नाळ काही सेकंद दबते, बाळाचे ठोके खाली जातात, कळ ओसरली की परत वर येतात. पुष्कळ बाळांमध्ये असं होतं आणि बाळ ते सहन करतं. दोन कळांच्या मध्ये त्याला दम घ्यायला वेळ असतो. काळजीचं कधी? कळ संपली तरी ठोके वर येत नाहीत, दर कळेला जास्त खोल जातात, किंवा सतत एकशे दहाच्या खाली राहतात तेव्हा. पाणी हिरवं-काळं येत असेल तर लक्ष आणखी वाढवायचं. मग प्रसूती लवकर उरकावी लागते, गरज असेल तर सिझर करूनही. लक्षात घ्या, इथे सिझरचं कारण 'गळ्यात नाळ' हे नाही, 'बाळाचे ठोके' हे आहे. गळ्यात नाळ नसलेल्या बाळाचे ठोके असे झाले तरी हेच करतात.

याचा अर्थ बाळंतपणात कोणीतरी ठोके मोजणारं हवं. कळा जोरात सुरू झाल्यावर निदान दर अर्ध्या तासानं, आणि बाई जोर लावायला लागली की दर पाच मिनिटांनी. कळ संपल्या संपल्या यंत्र लावायचं आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. ठोके एकशे दहा ते एकशे साठमध्ये हवेत. यासाठी मोठं मशीन लागत नाही. हातातला डॉपलर किंवा जुना लाकडी कर्णा आणि घड्याळ पुरतं. नातेवाईकांनी विचारायचं असेल तर 'नाळ आहे का' हे विचारू नका. "ठोके शेवटचे कधी मोजले, किती भरले?" हे विचारा.

दुसरी गोष्ट डोकं बाहेर आल्यावरची. नर्स बोटानं मानेभोवती चाचपडते. नाळ सैल असेल तर अलगद डोक्यावरून काढते, पोरीच्या गळ्यातली माळ काढावी तशी. डोक्यावरून येत नसेल तर खांद्यावरून सरकवत बाळ त्यातून बाहेर घेते. घट्ट असेल तर बाळाचं डोकं आईच्या मांडीशी टेकवून धरतात आणि अंग कोलांटीसारखं बाहेर फिरू देतात. बाळ बाहेर आल्यावर वेढा आरामात सोडवतात. फारच घट्ट असेल तर दोन चिमटे लावून मधे कापतात, पण तो शेवटचा उपाय. कारण एकदा कापली की बाळाचा प्राणवायू बंद, आणि खांदे अडले तर पंचाईत. या सगळ्याला मिनिटभरही लागत नाही. नर्सनं "जोर लावू नको, तोंडानं फुंकर घाल" म्हटलं की बाईनं तेवढं ऐकायचं.

घट्ट वेढ्यात आणखी एक बारीक गोष्ट होते. बाळाकडे रक्त आणणाऱ्या नळीची भिंत पातळ असते, परत नेणाऱ्या दोघींची जाड. दाब आला की पातळ भिंतीची आधी मिटते. म्हणजे बाळाकडून रक्त वारेकडे जात राहतं, पण तितकं परत येत नाही. अशी बाळं जरा फिकट, कधी थोडी लुळी निघतात. बहुतेक अंग कोरडं केलं, पाठ चोळली की रडतात. जी रडत नाहीत त्यांना पहिल्या मिनिटाच्या आत मास्कनं हवा द्यावी लागते. ती हवा देणारा माणूस त्या खोलीत असला की गोष्ट बहुतेक वेळा तिथेच सुटते.

आणि हे आपल्याच जिल्ह्यानं जगाला दाखवलंय. 'सर्च'च्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला हवा कशी द्यायची, हेही शिकवलं. त्या गावांत नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. तो शोधनिबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आज देशभर आशाताई बाळ पाहायला घरी येते, त्याचं मूळ इथे आहे. त्या अभ्यासात ना सोनोग्राफी होती, ना सिझर. योग्य वेळी योग्य हात होते.

एक फरक लक्षात ठेवा, कारण यात गल्लत होते. पाण्याची पिशवी फुटल्यावर नाळ बाळाच्या आधी खाली येऊन योनीतून बाहेर लोंबते, ती वेगळी गोष्ट. ती खरी धावपळीची वेळ. डोक्याखाली नाळ दबते आणि मिनिटामिनिटाला नुकसान होतं. तेव्हा बाईला गुडघे-कोपरावर, डोकं खाली आणि कंबर वर अशी ठेवायची, नाळ ओढायची नाही, आत ढकलायची नाही आणि थेट सिझर होणाऱ्या दवाखान्यात न्यायचं. 'गळ्यातली नाळ' आणि 'बाहेर आलेली नाळ' यांना लोक एकच समजतात. पहिलीत निवांत, दुसरीत पळा.

मग रिपोर्टात वेढा लिहून आला तर काय करायचं? बाईंनी भाचीला जे सांगितलं तेच. बाकी सगळं नीट असेल, म्हणजे वाढ, पाणी, डॉपलर आणि बीपी, तर वेगळं काहीच करायचं नाही. तपासण्या ठरल्याप्रमाणे. वाढ कमी असेल, पाणी कमी असेल, किंवा दोनतीन वेढे असून हालचाल मंदावली असेल, तर डॉक्टर पुन्हा तपासणी आणि ठोक्यांचा पट्टा काढायला सांगतील. आणि हालचालीवर लक्ष. सातवा महिना लागला की प्रत्येक बाळाची एक रीत कळायला लागते, कधी लाथा मारतं, कधी झोपतं. ती रीत बदलली, हालचाल कमी वाटली, तर जेवून डाव्या कुशीवर निवांत पडा आणि मोजा. दोन तासांत दहा वेळा हललं नाही तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. साखरपाणी पिऊन सकाळची वाट पाहायची नाही. दिवस भरले की बाळ शांत होतं, हे खोटं आहे. हलण्याची ढब बदलते, हलणं थांबत नाही.

आणि आतल्या गावातल्यांसाठी: तारीख जवळ आली की नदी चढायच्या आधी बाईला दवाखान्याजवळ आणा. प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'माहेरघर' आहे ते याचसाठी, चार-पाच दिवस आधी येऊन राहता येतं. गाडीला १०२ आणि १०८ आहेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, तपासण्या, औषधं, रक्त, सगळं मोफत आहे. चंद्रपूरच्या गाडीचं भाडं वाचेल.

भाचीचं काय झालं? सदतिसाव्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी झाली, त्यात वेढ्याचा उल्लेखच नव्हता. ताईनं देवीला नारळ फोडला, नाळ सुटली म्हणून. एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा आल्या. रात्रभर दर अर्ध्या तासानं नर्सताई ठोके मोजून कागदावर लिहीत होती, मी बाहेर बाकावर बसून ऐकत होतो. पहाटे बाळंत झाली, साधी. दोन किलो आठशे ग्रॅमची मुलगी. नर्सताई बाहेर येऊन हसत म्हणाली, "दोन वेढे होते हो गळ्यात. काढून टाकले."

ताई माझ्याकडे बघायला लागली. रिपोर्टात एक होता तेव्हा घर रडत होतं. रिपोर्टात नव्हता तेव्हा नारळ फुटला. आणि खरे दोन होते तेव्हा पोरगी आत टाहो फोडून रडत होती.

त्या जुन्या बातमीतल्या बाईला मी या वर्षी पुन्हा भेटून आलो. बातमी माझी होती हे सांगितलं. तुमच्या दोरी ओढण्यानं काही झालं नव्हतं, हेही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे माझ्या सासूला पण सांगा ना जी."

सांगून आलो.